आठवण दोघांची, ओढ कुणाची?

मे महिन्यात तालुक्याच्या गावांतली मंगल कार्यालयं लग्नांखेरीज आणखी एका कार्यक्रमासाठी घेतली जातात. दारावर फ्लेक्स लागतो, ‘दहावी १९९३, स्नेहमेळावा’. आत शिरताना फेटा बांधतात, छातीवर नावाची चिठ्ठी लावतात. कारण केस गेलेले आणि पोट आलेलं माणूस ओळखू येईलच असं नाही. मग सरांचा आणि बाईंचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं. गेलेल्या वर्गमित्रांसाठी दोन मिनिटं उभं राहून होतं. कुणीतरी जुन्या हजेरीपटाप्रमाणे नावं पुकारतं आणि पन्नाशीला आलेली माणसं ‘हजर’ म्हणून ओरडतात. जेवणात पुरणपोळी किंवा मटण, आणि जेवणानंतर अंताक्षरी. मुंबईची बॅच असेल तर हेच सगळं कर्जत-अलिबागच्या रिसॉर्टवर होतं, फेट्याऐवजी एकाच रंगाचे टी-शर्ट येतात.

या गर्दीत दोन-तीन जण असे असतात, की त्यांचं लक्ष सत्काराकडे नसतं, दाराकडे असतं. ‘ती येणार आहे ना?’ हे त्यांनी ग्रुपवर विचारलेलं नसतं. हॉलचे पैसे गोळा करणाऱ्या मित्राला त्यांनी आडवळणाने विचारलेलं असतं, ‘एकूण किती जणी आहेत रे?’ बायकाही याला अपवाद नाहीत. त्या विचारत नाहीत एवढंच. ग्रुपवर टाकलेल्या येणाऱ्यांच्या यादीतून बोट खाली सरकवत त्या एका नावापाशी थांबतात.

मग भेट होते. बोलणं होतं, हसणं होतं. रात्री घरी परतल्यावर झोप येत नाही आणि डोक्यात प्रश्न सुरू होतो: हे फक्त मलाच वाटलं, की तिलाही? आणि हे खरंच काही आहे, की जुन्या दिवसांची भूल?

हे दोन प्रश्न आहेत आणि लोक त्यांचा एकच करतात. ‘दोघांना वाटतंय की नुसती आठवण आहे?’ असं विचारलं, की दोघांना वाटलं म्हणजे ते खरं, असं आपोआप गृहीत धरलं जातं. पण आठवणींची भूल दोघांनाही एकाच वेळी पडू शकते. स्नेहमेळाव्यात तर तेच सर्वांत जास्त घडतं. दोघंही गहिवरलेले असतात, दोघांचेही डोळे चमकत असतात, आणि दोघंही समोरच्या माणसाकडे न बघता आपल्या पंधराव्या वर्षाकडे बघत असतात. तेव्हा ओढ दोन्हीकडून आहे का हे एक बघावं लागतं, आणि ती आजच्या माणसाची आहे का हे वेगळं बघावं लागतं. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण फसगत तिथे जास्त होते.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या घटना आठवायला सांगितल्या, तर त्या सगळ्या वर्षांत सारख्या विखुरलेल्या नसतात. अलीकडच्या आठवणी भरपूर असतात हे उघडच आहे. पण त्याखेरीज साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा एक ठळक उंचवटा दिसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे दाखवलं, आणि नंतर वेगवेगळ्या देशांत ते पुन्हा पुन्हा आढळलं. कारणांबद्दल मतभेद आहेत. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात हे एक कारण सांगतात, आपण कोण हे त्याच काळात ठरत असतं हे दुसरं. कारण कोणतंही असो, परिणाम असा की नववीतल्या एका दुपारचा उजेड, फळ्यावरची तारीख आणि कुणाच्या तरी वेणीची रिबिन लख्ख आठवते, आणि चार वर्षांपूर्वीची दिवाळी कशी गेली ते सांगता येत नाही.

आठवण इतकी लख्ख असली की माणूस तिला महत्त्वही तेवढंच देतो. ‘तीस वर्षांनीही इतकं स्पष्ट आठवतंय, म्हणजे त्यात काहीतरी असणारच,’ असं त्याला वाटतं. खरं तर त्याच वर्गातला भूमितीचा तास, शिपाईमामांची घंटा आणि डबा खायची जागाही त्याला तितकीच स्पष्ट आठवत असते. त्यावरून तो शिपाईमामांच्या प्रेमात होता असं कुणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट त्या दिवसाचीच. स्नेहमेळावा हा साधा दिवस नसतो. प्रवास, जागरण, गेलेल्यांच्या आठवणीने भरून येणं, सरांच्या थरथरत्या हाताला हात लावणं, त्यावर मोठ्याने लावलेली १९९० च्या आसपासची गाणी, आणि काही ठिकाणी संध्याकाळनंतर बाटल्या. अशा वेळी छाती धडधडते, घशात आवंढा येतो. आता ही धडधड कशामुळे होतेय हे शरीर चिठ्ठी लावून सांगत नाही. समोर जे असेल त्याला मन ती जोडून टाकतं.

यावर एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नावाची नदी आहे, तिच्या खोल दरीवर हलता झुलता पूल आहे. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या पुलावर आलेल्या पुरुषांना एका तरुणीकरवी काही प्रश्न विचारले आणि तिने त्यांना आपला फोन नंबर दिला. जवळच्याच भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही तेच केलं. भीतिदायक पुलावर नंबर घेतलेल्यांपैकी निम्म्या पुरुषांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या सोळांपैकी फक्त दोघांनी. पुलामुळे झालेली धडधड पुरुषांनी त्या मुलीच्या खात्यात मांडली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. माणसं थोडी होती, आणि नंतरच्या सगळ्या प्रयोगांत इतका स्वच्छ फरक दिसला असंही नाही. तरी स्नेहमेळाव्याला गेलेल्या कुणालाही तो पूल ओळखीचा वाटेल.

म्हणून माझं पहिलं मत सरळ आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी काय वाटलं, याला पुरावा म्हणून शून्य गुण द्यावेत. वाईट म्हणून नव्हे. तो दिवस छानच असतो, त्याने तसंच असावं. पण त्या दिवशी सगळ्यांनाच सगळ्यांबद्दल प्रेम वाटतं. शाळेत ज्याने तुमची सायकल पंक्चर केली त्याच्याही गळ्यात तुम्ही हात टाकलेला असतो.

आता एक जोडी कल्पू. माणसं कल्पित आहेत, पण यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या बॅचमध्ये घडलेला आहे. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मराठी माध्यमाची शाळा, दहावी ‘ब’. तो आता पुण्यात एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. बायको चार वर्षांपूर्वी आजाराने गेली, मुलगी बेंगळुरूला नोकरीला. ती कोल्हापुरात बँकेत आहे. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, आई तिच्याकडे असते. म्हणजे दोघंही मोकळी आहेत. ज्यांची लग्नं शाबूत आहेत त्यांच्याकडे नंतर येतो.

शाळेत दोघांमध्ये काय होतं? हा प्रश्न चुकवून पुढे जाता येत नाही. त्या काळच्या बहुतेक मराठी शाळांत मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला. एकमेकांना हाक आडनावाने. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ कादंबरीतला जोशीही आपल्या आवडत्या मुलीला मनातल्या मनात शिरोडकर असंच म्हणतो. आपल्या माणसाची ठेव इतकीच: तिने एकदा सहामाहीच्या पेपरच्या आधी त्याचं शाईचं पेन मागून घेतलं आणि परत करताना हसली. संक्रांतीला तिळगूळ देताना बोटांना बोट लागलं. आणि राखीपौर्णिमेच्या दिवशी तो मुद्दाम शाळेत गेला नाही. का, हे त्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. आवडत्या मुलीने वर्गासमोर राखी बांधली की विषय कायमचा मिटायचा.

म्हणजे नातं नव्हतं. एक चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यामागे तीस वर्षं त्याने आपल्याला हवी तशी बाई उभी केलेली होती. हे कमी लेखायचं कारण नाही, पण हिशेबात वेगळं धरायला हवं. अमेरिकेत नॅन्सी कॅलिश या मानसशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी, जुनं प्रेम अनेक वर्षांनी पुन्हा जुळलेल्या एक हजारांवर लोकांची माहिती गोळा केली आणि १९९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त जोड्या टिकलेल्या होत्या. हा आकडा फॉरवर्डमधून फिरतो आणि पन्नाशीतल्या माणसांच्या छातीत हवा भरतो. पण तो वाचताना दोन गोष्टी सुटतात. पहिली, कॅलिशबाईंकडे आपणहून माहिती द्यायला आलेले लोक साहजिकच ज्यांचं काहीतरी जुळलं ते होते. भेटले, चहा प्यायले आणि निघून गेले, ते कशाला कळवतील? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या जोड्यांचं तरुणपणी खरोखर प्रेम होतं, सहवास होता, आणि ते तुटलं ते बरेचदा स्वभाव न जुळल्याने नव्हे, तर आईवडिलांचा विरोध, गाव बदलणं, वय लहान असणं अशा बाहेरच्या कारणांनी. त्यांना पुन्हा भेटताना एकमेकांचा स्वभाव माहीत होता. पेन मागण्याच्या आठवणीला तो आकडा लागू होत नाही. ज्यांनी कॉलेजात दोन वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या आणि मग जातीपायी घरच्यांनी तोडलं, त्यांना तो थोडाफार लागू होईल. तेव्हा आपलं खातं यातलं कुठलं, हे आधी बघावं.

आपल्या माणसाकडे परत येऊ. मेळाव्यात ती आपणहून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. पहिल्या वाक्यात ‘तुम्ही’ म्हणाली, दुसऱ्यात ‘तू’. ‘तू अगदी तसाच आहेस रे,’ म्हणाली. फोटोत त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. रात्री साडेदहाला ग्रुपवर नव्हे, त्याच्या नंबरवर मेसेज आला, ‘पोचलास का नीट?’ पहाटे तीनपर्यंत तो त्या तीन शब्दांचा अर्थ लावत बसला.

इथे पुरुषवाचकांना एक सावधगिरी सांगायला हवी. अँटोनिया अॅबी या अमेरिकी संशोधक बाईंनी १९८२ मध्ये एक साधा प्रयोग केला. अनोळखी तरुण-तरुणीला पाच मिनिटं बोलायला बसवलं आणि दुसऱ्या एका तरुण-तरुणीला आडून बघायला लावलं. बोलणाऱ्या मुलीच्या साध्या मोकळेपणात पुरुषांना जेवढं आमंत्रण दिसलं, तेवढं बायकांना दिसलं नाही. पुढच्या अनेक अभ्यासांत सरासरीने हाच कल दिसला. शेजारी बसणं, हसणं, काळजीचा मेसेज, यांचा सगळ्यात साधा अर्थ ‘ही बाई मनमोकळी आहे’ असा होतो. आपल्या गोष्टीतल्या त्या बाईंनी ‘पोचलास का’ हा मेसेज त्या रात्री आणखी पाच जणांना पाठवला होता, त्यात दोन मैत्रिणी आणि गाडी चालवत गेलेले तिघे होते. त्याला हे तीन आठवड्यांनी कळलं.

मग खरी खूण कशात? माझ्या मते ती मेळाव्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत दिसते, आणि ती गोड बोलण्यात नसते.

पहिले काही दिवस मेसेजांचा पूर असतो. ‘आठवतं का’ने सुरू होणारी वाक्यं. बाईंनी पट्टी मारली ते, सहलीला बस बंद पडली ते, गॅदरिंगमध्ये पडदा वर अडकला ते. हा साठा मर्यादित असतो. वर्गात फारसं न बोललेल्या दोघांचा तर फारच मर्यादित. तीन-चार आठवड्यांत तो संपतो. त्यानंतर संभाषणाचं काय होतं, ते बघायचं. नुसत्या आठवणींवर चाललेलं बोलणं इथे ‘शुभ सकाळ’वर येतं. गुलाबाची फुलं, विठ्ठलाचे फोटो, मग तेही दिवसाआड. कुणाचा दोष नसतो, इंधन संपलेलं असतं. ज्यात पुढे काही आहे ते बोलणं आपोआप आजवर येतं. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या मुलीने नोकरी सोडायचं काढलं, बँकेत नवा मॅनेजर आला. आणि महत्त्वाचं म्हणजे मागचा धागा पुन्हा उचलला जातो. त्याने मंगळवारी सांगितलं की गुरुवारी मुलीचा निर्णय होणार आहे, आणि गुरुवारी रात्री तिचा मेसेज आला, ‘काय ठरलं मग लेकीचं?’ हे एक वाक्य खांद्याला खांदा लावून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा जास्त वजनाचं आहे. तिने त्याचं आजचं आयुष्य लक्षात ठेवलं. ते तिच्या पंधराव्या वर्षात नव्हतं.

दोन्हीकडून आहे की नाही हे तपासायला आणखी एक उपाय आहे, तो जमायला मात्र जड जातो. आपण सुरुवात करणं काही दिवस थांबवायचं. रुसून नव्हे, सांगून-सवरून नव्हे, नुसतं थांबायचं. समोरून आपणहून मेसेज येतो का? येतो तो कुठल्या वेळेचा, कशाबद्दलचा? फक्त ग्रुपवरच्या विनोदावर हसरा चेहरा येत असेल, ‘कधीतरी भेटू सगळे’ यातलं ‘सगळे’ दर वेळी ठसठशीत असेल, प्रत्येक चौथ्या वाक्यात ‘आमचे हे’ येत असतील, किंवा एकाएकी तुम्ही ‘अरे भावा’ झाला असाल, तर उत्तर मिळालेलं आहे. मराठी बायका नकार तोंडावर क्वचितच देतात. त्या नातं बदलून देतात. राखीची ती जुनी युक्ती अजून चालू आहे असं समजा.

या सगळ्यात मोठा बिघाड करतो तो ग्रुप. पंधराव्या वर्षी ज्यांनी चिडवलं तेच पन्नाशीत चिडवतात, फरक इतकाच की आता त्यांच्याकडे स्टिकर असतात. तिने ग्रुपवर काही टाकलं की लगेच कुणीतरी त्याचं नाव लिहून डोळा मारतं. कुणी थेट ‘वहिनी’ म्हणतं. यात तिला काही वाटत नसेल तर ती गप्प होते आणि काही वाटत असेल तरीही गप्प होते, त्यामुळे तपासायची एक सोय जाते. त्याला वाटतं सगळ्यांना दिसतंय म्हणजे आहेच. खरं म्हणजे सगळ्यांना फक्त करमणूक हवी असते. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला मनापासून काही जाणून घ्यायचं आहे त्याने पहिल्याच चिडवण्याला मित्राला बाजूला घेऊन ‘बस कर’ म्हणावं. जो ते म्हणत नाही, उलट त्या चिडवण्यात गुदगुल्या होऊन बसतो, त्याला ती बाई नको आहे, दहावी ‘ब’ हवी आहे.

दोन महिन्यांनी ते भेटले. पुणे आणि कोल्हापूर यांच्या वाटेवर म्हणून कराडला, हायवेच्या बाजूच्या एका हॉटेलात, सकाळी अकरा वाजता. वेळ आणि जागा दोन्ही तिने सुचवली. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, यायला हवी होती. संध्याकाळ नव्हती, गाणी नव्हती, मित्र नव्हते. तिने आल्या आल्या सांगितलं, ‘शाळेबद्दल आज काही नको हं, सगळं बोलून झालंय.’ पुढचे दोन तास त्याला एक अनोळखी बाई भेटली. ती वेटरवर जरा चढ्या आवाजात बोलते. आईचं करताना दमून जाते आणि ते लपवत नाही. राजकारणावर तिची मतं त्याच्या नेमकी उलट आहेत, आणि ती मुरड घालून बोलत नाही. कोल्हापूर सोडून कुठेही राहायची तिची तयारी नाही. हे तिने त्याला उद्देशून नव्हे, बदलीबद्दल बोलताना सांगितलं, पण त्याने ऐकलं.

निघताना त्याने राहवेना म्हणून पेनाचा विषय काढला. तिला ते पेन अजिबात आठवत नव्हतं. तिला तो आठवत होता तो वेगळ्याच कारणाने. सातवीत सरांनी एका मुलाला उगीच झोडपलं तेव्हा हा उभा राहून म्हणाला होता, ‘सर, त्याने नाही केलं.’ आणि त्यालाही दोन छड्या बसल्या होत्या. त्याला ती घटना आठवत नव्हती.

इथे बरीच माणसं खचतात. आपली तीस वर्षांची ठेव समोरच्याच्या खात्यात नोंदलेलीच नाही, हे कळलं की फसवल्यासारखं वाटतं. पण दोन माणसांच्या आठवणी जुळत नाहीत हे नेहमीचंच आहे, त्यावरून आजच्या ओढीबद्दल काही ठरत नाही. उलट, त्या दिवसानंतर त्याला पहिल्यांदा नीट विचार करता आला. घरी जाताना त्याला काय जाणवलं ते बघा. पेनवाली मुलगी गेली होती. तिच्या जागी जी बाई होती तिच्या चढ्या आवाजाचा त्याला थोडा राग आला होता, आणि तरी पुढच्या शनिवारी तिला फोन करावासा वाटत होता. राग आणि फोन करावासा वाटणं ही दोन्ही एकाच माणसाबद्दल वाटतात, तेव्हा तो माणूस खरा असतो. आठवणीतल्या मुलीचा कुणाला कधी राग येत नाही.

त्याने स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो त्याने विचारला. संध्याकाळी सातला घरी आल्यावर, दिवा लावल्यावर, त्या रिकाम्या घरात त्याला तिची आठवण येते ती तिची, की कुणाचीही चालेल अशी? एकटेपणात माणसाला जुन्या दिवसांची आठवण जास्त येते, हे संशोधकांनी तपासलेलं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांना २००६ मध्ये असं आढळलं की उदासपणा आणि एकटेपणा ही गतकाळाकडे वळण्याची नेहमीची कारणं आहेत, आणि तसं वळल्याने माणसाला बरंही वाटतं. म्हणजे आठवण हे औषध म्हणून वाईट नाही. पण औषधाच्या बाटलीशी लग्न करायचं नसतं. त्याचं प्रामाणिक उत्तर ‘थोडं दोन्ही’ असं होतं. बहुतेकांचं तेच असतं, आणि तेवढ्यावर पाऊल मागे घ्यायचं कारण नाही. फक्त घाई करायची नाही.

त्याने शेवटी विचारलं. फोनवर, सरळ: ‘मला तुला असंच भेटत राहायला आवडेल, मित्र म्हणून नाही, त्याच्या थोडं पुढचं. तुला तसं वाटत नसेल तर एकदा सांग, मी पुन्हा विषय काढणार नाही आणि ग्रुपवर नेहमीसारखाच बोलेन.’ या वाक्यात काय आहे ते बघण्यासारखं आहे. मोघमपणा नाही, शाळा नाही, ‘तेव्हापासून’ नाही. आणि नकार देण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे, त्यामुळे येणारा होकार हा भिडेचा नसेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘भेटू. पण सहा महिने लग्न हा शब्द नको, ग्रुपला कळायला नको, आणि माझ्या आईला मी सांगेन तेव्हाच सांगेन.’ त्याला हे उत्तर थंड वाटलं. मला ते फार चांगलं वाटतं. त्यात अटी आहेत, आणि ज्या गोष्टीचा आपण खरोखर विचार करतो तिलाच अटी घालतो.

हेच उत्तर ‘अरे, आपण काय आता लहान आहोत का, तू पण ना!’ असं हसण्यावारी आलं असतं, तर तो नकार होता. तो एकदाच ऐकायचा आणि वचन दिलं तसं पाळायचं. तिथे समजूत घालणं, पुन्हा विचारणं, मैत्रिणीला मध्ये घालणं, हे सगळं तिच्यासाठी त्रासाचं आणि त्याच्यासाठी लाजिरवाणं ठरतं.

आता ज्यांची लग्नं चालू आहेत त्यांच्याबद्दल. कॅलिशबाईंनी पुढच्या काळात वारंवार जो इशारा दिला तो नेमका याच लोकांना होता. सुखाने नांदणारी माणसं ‘नुसती चौकशी करू’ म्हणून जुन्या प्रेमाला शोधतात आणि बघता बघता अडकतात, कारण जुन्या ओळखीत जो विश्वास लगेच मिळतो तो नव्या ओळखीत मिळायला महिने लागतात. २०१८ मध्ये आलेल्या ‘९६’ या तमिळ चित्रपटात हीच परिस्थिती आहे. १९९६ च्या बॅचचा मेळावा, बावीस वर्षांनी भेटलेले दोघे, ती विवाहित, तो एकटा, आणि एक रात्र. चित्रपट त्यांना संयमाने निरोप देतो. प्रत्यक्षात हातात फोन असतो आणि ती रात्र रोज येते. कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यभिचाराचं कलम रद्द केलं, त्यामुळे तो आता गुन्हा नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो आजही टिकतो. मात्र बहुतेकांची गाडी कोर्टापर्यंत जातच नाही, घरातच अडकते. इथली कसोटी एकच आहे आणि ती फार सोपी आहे. आलेला मेसेज नवऱ्याला किंवा बायकोला मोठ्याने वाचून दाखवता येतो का? येत असेल तर खुशाल जुन्या गप्पा मारा, ती मैत्री आहे. फोन पालथा ठेवावासा वाटू लागला, की ओढ दोन्हीकडून आहे की एकीकडून हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी स्वतःच्या घरात काय कमी पडतंय ते बघा, आणि त्याबद्दल घरातल्या माणसाशी बोला.

बाकी ज्यांना मोकळीक आहे त्यांनी मेळाव्याच्या रात्री काही विचारू नये, काही कबूल करू नये, काही ठरवूही नये. दोन महिने जाऊ द्या. मग दिवसाउजेडी, शाळेच्या गावाबाहेर, दोघंच भेटा. आणि विचारायचं ते एकदाच, स्पष्ट शब्दांत विचारा.